चार नाणी जास्त की एक?

पहिलीच्या मुलासमोर एका बाजूला रुपया-रुपयाची चार नाणी ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पाचचं एकच नाणं. मग विचारा, "खाऊ आणायला यातलं काय घेशील?" बरीच मुलं क्षणभरही न थांबता चार नाण्यांवर हात ठेवतात. त्यांना पाच येत नाही असं मुळीच नाही. फळ्यावर लिहिला तर वाचतात, पाच चिंचोके मागितले तर मोजून देतात. अडचण वेगळीच आहे. चिंचोके, मणी, खडे, बोटं असं जे काही त्यांनी आजवर मोजलं, त्यात एक वस्तू म्हणजे एक, हा नियम कधी मोडला नव्हता. पाचच्या नाण्याने तो पहिल्यांदा मोडतो. वस्तू एक, आणि मोजायची मात्र पाच.

वर्गात दुकान मांडायचं ते या एका गाठीसाठी. बेरीज येतेच मागोमाग. पण बहुतेक ठिकाणी दुकान मांडलं जातं ते सजावटीपासून. रिकामे पुडे, रंगीत किमती, दुकानदाराला टोपी, एखादा खोटा तराजू. मुलं खूश असतात, फोटो छान येतात आणि खेळ संपल्यावर ते मूल पुन्हा चार नाण्यांवरच हात ठेवतं. अनेक शाळांत बाल आनंद मेळावा भरतो, त्यात मुलं भाजी विकतात, भेळ विकतात. तो उत्साहाचा दिवस असतो, हिशोब बहुधा मागे उभे असलेले पालक सांभाळतात. मी म्हणतो ते दुकान त्याहून लहान, गुपचूप, आणि आठवड्यातून दोन-तीनदा अर्ध्या तासाचं.

नाणी ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही, कारण आपली नाणी मुलांशी जरा खोडसाळपणे वागतात. मोठं ते जास्त किमतीचं, असा मुलांचा साधा अंदाज असतो. २०११ पासून आलेल्या मालिकेतलं दोनचं नाणं २५ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि पाचचं २३. म्हणजे दोनचं नाणं पाचच्यापेक्षा मोठं! त्यात २०२० पासून धान्याच्या लोंब्यांची नक्षी असलेली नवी मालिका आली, तिच्यात दोनचं नाणं २३ मिलिमीटरचं आणि पाचचं २५ चं झालं. बरोबर उलट. दोन्ही मालिका आज एकाच गल्ल्यात खुळखुळतात. नव्वदीच्या दशकातला स्टीलचा रुपया अजून कुठे कुठे मिळतो, तोही २५ मिलिमीटरचा, म्हणजे २०११ च्या दोनच्या नाण्याएवढाच. दहाच्या नाण्याची गंमत तर मोठ्यांनाही झेपत नाही. त्याचे चौदा नमुने चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये जाहीर करावं लागलं होतं, कारण दुकानदार ती नाणी नाकारत होते.

मग ओळखायचं कशावरून? अंकावरून. आकार, रंग, चित्र या सगळ्या मदतीच्या खुणा, निकाल अंकाचा. पण मराठी माध्यमाच्या मुलासाठी इथे आणखी एक अडथळा आहे, जो मोठ्यांच्या लक्षातच येत नाही. ते मूल वर्गात १, २, ५ असे देवनागरी अंक गिरवतं. नाण्यावर छापलेले असतात आंतरराष्ट्रीय अंक. २ आणि 2 यांच्यात फारसं अंतर नाही, शून्य तर तेच. पण ५ आणि 5 ही दोन वेगळी चित्रं आहेत, आणि देवनागरी १ तर इंग्रजी पद्धतीच्या 9 शी नातं सांगतो. त्यामुळे मुलं नाणं उलटसुलट करत राहतात आणि आपल्याला वाटतं, याला ओळखता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी नाण्यांच्या शेजारी जोडचिठ्ठ्या ठेवाव्यात. एकाच चिठ्ठीवर दोन्ही लिप्यांतला अंक, खाली तेवढेच ठिपके. हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. ते वगळलं तर पुढे महिनाभर गोंधळ चालतो.

नोटा त्या मानाने सरळ. नव्या मालिकेतल्या नोटांवर दोन्ही प्रकारचे अंक असतात. शिवाय नव्या मालिकेत किंमत वाढली की लांबीही वाढते. दहाची नोट १२३ मिलिमीटर, वीसची १२९, पन्नासची १३५, शंभरची १४२. नोटा एकावर एक ठेवून डावी कड जुळवली की उजवीकडे जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. मुलांना हे करायला फार आवडतं. एवढंच की या जिन्यात सगळ्या नोटा नव्याच हव्यात. जुनी शंभरची नोट १५७ मिलिमीटरची आहे, ती मध्ये आली की जिना बिघडतो. रंगांचंही तसंच. नवी शंभरची नोट जांभळट आहे, जुनी निळसर-हिरवी. दहाच्या नव्या नोटेचा रंग चॉकलेटी, जुनीचा वेगळा. "चॉकलेटी म्हणजे दहा" असं शिकवलं की जुनी दहाची हातात आल्यावर मूल गप्प बसतं. म्हणून प्रत्येक नोट निदान दोन रूपांत दाखवावी.

मागच्या बाजूच्या चित्रांसाठी दोन मिनिटं द्यायला हरकत नाही. वीसच्या नोटेवर वेरूळचं लेणं आहे, तिथे कुणी ना कुणी सहलीला गेलेलं असतं. आणि मागे डावीकडे पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते, त्यात 'दहा रुपये' शोधायला सांगावं. मराठीची ओळ वरून आठवी आणि खालूनही आठवी, बरोबर मधोमध. वाचायला नुकतंच शिकलेल्या मुलाला ती सापडली की तो नोट घेऊन वर्गभर फिरतो.

आता साहित्य. शक्यतो नाणी खरी वापरावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची नाणी आणि कागदावर छापून कापलेली नाणी हातात सारखीच लागतात, वजन नाही, कड नाही. चार मुलांच्या एका गटाला रुपयाची दहा, दोनची पाच, पाचची चार आणि दहाची दोन नाणी पुरतात. एकूण साठ रुपये. पाच गटांना तीनशे. हा हिशोब मुद्दाम असा ठेवला आहे, कारण खेळ संपल्यावर गल्ला मुलांनीच जुळवायचा असतो. पहिलीच्या मुलाला मिसळलेल्या नाण्यांतून साठ मोजता येत नाहीत, पण दहा-दहाचे ढीग लावता येतात. रुपयाच्या नाण्यांचा एक ढीग, दोनच्यांचा एक, पाचच्यांचे दोन, दहाची दोन नाणी स्वतःच दोन ढीग. सहा ढीग झाले की गल्ला बरोबर. पाचच झाले तर बाकाखाली शोधायचं. नाणी तोंडात घालणारं मूल वर्गात असेल, किंवा घरी खेळताना धाकटं भावंडं आसपास रांगत असेल, तर मात्र खरी नाणी नकोत.

नोटा खऱ्या वापरू नयेत, फाटतात, हरवतात. त्या हाताने बनवाव्यात. खऱ्या नोटेची दोन्ही बाजूंनी रंगीत झेरॉक्स काढण्याचा मोह होतो, पण हुबेहूब नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणं हा कायद्याने गुन्हा आहे, भारतीय दंड संहितेत होता आणि आता न्याय संहितेतही आहे. जाड कागदाचा आयत कापावा, रंग साधारण तसा द्यावा, मोठ्या अक्षरांत अंक आणि 'खेळातली नोट' असं लिहावं, मागची बाजू कोरी ठेवावी. मुलांनी काढलेल्या चित्रांच्या नोटा तर सर्वांत चांगल्या.

पहिला खेळ दुकानाशिवायच होतो. कापडी पिशवीत पाच-सहा नाणी टाकायची, आत हात घालायचा आणि न बघता सांगायचं, हातात काय आलं. वीसच्या नाण्याला बारा कोन असतात, ते लगेच कळतं. जुनं जाडजूड पाचचं नाणंही चुकत नाही. बाकीच्यांत फसगत होते, आणि व्हावीच. बाहेर काढून अंक बघितल्याशिवाय खात्री नाही, हे तेवढ्यात आपोआप ठसतं.

त्यानंतरचा टप्पा मोड करण्याचा, आणि घाई इथेच नडते. मोड म्हणजे बंद्या नाण्याचे सुट्टे करणं आणि सुट्ट्यांचं बंदं करणं. नुसतं "पाचचं नाणं म्हणजे पाच रुपये" सांगून हे कळत नाही. याला एक पट्टी फार उपयोगी पडते. पुठ्ठ्याची साठ सेंटिमीटर लांब पट्टी घ्यायची, तिच्यावर तीन-तीन सेंटिमीटरची वीस घरं आखायची आणि त्यांत १ ते २० अंक घालायचे. तीन सेंटिमीटर अशासाठी की आपलं सर्वांत मोठं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, ते एका घरात मावतं. मग वेगळ्या पुठ्ठ्याचे तुकडे कापायचे. रुपयाचा तुकडा एका घराएवढा, दोनचा दोन घरांएवढा, पाचचा पाच घरांएवढा, दहाचा दहा घरांएवढा. प्रत्येक तुकड्यावर त्याचं नाणं ठेवायचं. आता पाचचं नाणं वस्तू म्हणून एकच असलं तरी पट्टीवर पाच घरं अडवून बसतं. चार रुपयांचे चार तुकडे शेजारी ठेवले तर ते पाचच्या तुकड्यापेक्षा एका घराने आखूड पडतात. सुरुवातीचा तो प्रश्न इथे डोळ्यांना दिसतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही.

पट्टीवर अदलाबदल खेळायची. एक मूल बँकवाला. बाकीचे फासा टाकतात, पडतील तितके रुपये बँकेतून घेतात. पाच सुटे रुपये जमले की ते देऊन पाचचं नाणं घ्यायचं, पाचची दोन जमली की दहाचं. आधी ज्याच्याकडे दहाची दोन नाणी होतील तो जिंकला. या खेळात एक मजेशीर क्षण येतो. मूल पाच नाणी देऊन एकच परत घेतं आणि त्याचा चेहरा पडतो, आपण लुटले गेलो असं त्याला वाटतं. ज्या दिवशी हा चेहरा पडायचा थांबतो, त्या दिवशी मोड समजली. शिक्षकाला याहून चांगली परीक्षा मिळणार नाही. तोवर दुकान उघडू नये.

दुकानात माल कमी हवा, सहा-सात वस्तू पुरे. आणि किमती ठरवताना डोकं लावावं लागतं. सगळ्या वस्तू पाच आणि दहाच्या ठेवल्या तर मूल बेरीज करतच नाही, वस्तूला नाणं जुळवतं आणि मोकळं होतं. सगळ्या किमती सात, आठ, नऊ ठेवल्या तर पहिल्या दोन वस्तूंतच बेरीज दहाच्या पलीकडे जाते आणि दमछाक होते. काडेपेटी दोन, लिंबू तीन, खोडरबर तीन, केळं चार, पेन्सिल पाच, बिस्किटपुडा पाच, साबणाची वडी दहा, अशी यादी चालते. किमती बाजारभावाच्या जवळ असाव्यात, कारण पहिलीतलं मूलही कधीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेलं असतं आणि "काडेपेटी वीस रुपये?" असं विचारून आपली फजिती करतं. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकाने एकच वस्तू घ्यायची आणि नेमके पैसे द्यायचे. दुसऱ्यात दोन वस्तू, बेरीज दहाच्या आत. मग वीसच्या आत. तीन वस्तूंची बेरीज वर्षाच्या शेवटी, तीही ज्यांना जमेल त्यांनाच.

चौघांच्या गटात एक दुकानदार, एक गल्ल्यावर, दोघं गिऱ्हाईक. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्याच. नाहीतर चुणचुणीत मूल कायम गल्ल्यावर बसतं, ज्याला सरावाची खरी गरज आहे ते कायम गिऱ्हाईक राहतं, मूठभर चिल्लर पुढे करतं आणि "तूच घे मोजून" म्हणतं.

एका वर्गात पाहिलेला व्यवहार थोडा तपशिलाने सांगतो. एका मुलीने पेन्सिल आणि खोडरबर घेतलं. पाच आणि तीन, आठ रुपये, हे तिने बोटांवर काढलं. तिच्या डबीत पाचचं एक, दोनची दोन आणि रुपयाचं एक नाणं होतं. तिने पाचचं, दोनचं आणि रुपयाचं अशी तीन नाणी ठेवली. गल्ल्यावरच्या मुलाने एकेका नाण्यावर बोट ठेवलं, "एक, दोन, तीन. तीनच दिलेस. अजून पाच दे." मुलगी चिडली, "आठ दिलेत मी!" दोघंही बाईंकडे धावले. बाईंनी कोण बरोबर हे सांगितलंच नाही. म्हणाल्या, "पट्टीवर मांडून दाखवा पाहू."

मुलाने पाचचा तुकडा ठेवला, त्याला चिकटवून दोनचा, मग एकचा. टोक आठच्या घरावर आलं. तरी त्याचा विश्वास बसेना. त्याने पहिल्या घरापासून बोट फिरवत एक ते आठ सगळं पुन्हा मोजलं आणि मग मान हलवली, "हां, आठ." हे पहिल्यापासून मोजणं चूक नाही, ती एक पायरी आहे. त्यावर तो काही दिवस राहणार. पुढची पायरी म्हणजे पाचच्या तुकड्यावर तळहात ठेवून "पाच" म्हणायचं आणि तिथून पुढे "सहा, सात, आठ". ही पायरी चढताना एक ठरावीक घसरण होते. मूल "पाच" म्हणतं ते सहाव्या घरावर बोट ठेवून, आणि उत्तर येतं सात. उत्तर नेमकं एकाने कमी येत असेल, तर ही घसरण आहे असं खुशाल समजावं. त्यावर बेरजेची जास्त उदाहरणं देऊन काही होत नाही. तळहात झाकलेल्या भागाचा आकडा म्हणायचा, मग हात उचलायचा आणि त्याच्या पुढच्या घरावर बोट ठेवून पुढचा आकडा म्हणायचा, एवढी एक सवय लावावी लागते. पट्टी सुटली की हेच नाण्यांवर टिचकीने करता येतं, म्हणजे दोनच्या नाण्यावर दोन टिचक्या. पाचच्या नाण्यावर टिचक्या मारत बसायचं नाही, त्याने सुरुवात करायची. मोठ्यापासून मोजायला लागलं की काम अर्धं होतं, हे मुलांना सांगावं लागत नाही. दहाबारा व्यवहार झाले की कुणीतरी स्वतःच शोधून काढतं आणि बाकीचे त्याची नक्कल करतात.

त्याच आठ रुपयांवर आणखी एक दिवस घालवता येतो. एक, दोन आणि पाचची नाणी वापरून आठ रुपये किती तऱ्हांनी देता येतील? पाचचं नाणं घेऊन दोन तऱ्हा, पाच, दोन, एक किंवा पाच आणि तीन सुटे. पाचचं न घेता पाच तऱ्हा, चार दोन-दोनची नाणी इथपासून आठ सुट्या रुपयांपर्यंत. एकूण सात. पहिलीचा वर्ग मिळून चार-पाच शोधतो, सगळ्या सापडायलाच हव्यात असं नाही. पण ज्याच्याकडे पाचचं नाणं नाही तोसुद्धा आठची वस्तू घेऊ शकतो, हे यातून कळतं. एरवी मुलं "माझ्याकडे पाच नाही" म्हणून पेन्सिल सोडून देताना मी पाहिली आहेत, खिशात दोनची तीन नाणी असताना.

इथे लक्षात घ्यायला हवं की मोजणं आणि देणं ही दोन वेगळी कामं आहेत. "यात किती आहेत?" याचं उत्तर देणारं मूल "मला यातून सात दे" म्हटल्यावर अडखळतं. मोजताना नाणी संपली की थांबायचं असतं. देताना कुठे थांबायचं ते लक्षात ठेवून कुठलं नाणं उचलायचं हे ठरवावं लागतं. गल्ल्यावरच्याला पहिलं काम मिळतं, गिऱ्हाइकाला दुसरं. जागा बदलण्याचा आग्रह यासाठीही आहे.

वीसच्या पुढे गेल्यावर मराठीत एक खास अडचण येते. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि मूल आधी सात रुपये काढून ठेवतं, मग वीसचं काय करायचं ते विसरतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' अशी जोडवाचनाची पद्धत आणली तेव्हा किती गदारोळ झाला होता, ते वाचकांना आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. दुकानात मात्र नोट आधी आणि चिल्लर नंतर, एवढा दंडक ठेवला की सत्तावीस म्हणा की वीस सात, हाताखाली दोन दहाच्या नोटा आणि त्यांच्या उजवीकडे पाच-दोन अशी मांडणी होते, आणि दशक-एकक वेगळं शिकवण्याची निम्मी मेहनत वाचते.

प्रत्येक व्यवहाराची पावती लिहायची. हातभर कागदावर वस्तूचं चित्र, खाली ५ + ३ = ८. हे मुलांना कंटाळवाणं वाटतं, शिक्षकांनाही वाटतं, आणि म्हणून पहिल्यांदा हेच गळतं. पण तोंडी हिशोब आणि वहीतली बेरीज यांची आपोआप गाठ पडत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ती मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशोब मनातल्या मनात बिनचूक करत होती. शाळेच्या पद्धतीने मांडलेली त्याहून सोपी गणितं त्यांतल्या बहुतेकांना जमली नाहीत. आणि केवळ शाळेत शिकणाऱ्या मुलांचं बाजारी हिशोबात नेमकं उलट झालं. पावती हा या दोन काठांमधला छोटा साकव आहे. व्यवहार हातात ताजा असतानाच तो आकड्यांत उतरवायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

सुट्टे परत देणं शेवटी ठेवावं. पहिलीतल्या निम्म्या वर्गाने ते केलं नाही तरी काही बिघडत नाही. ज्यांना करायचं आहे त्यांना वजाबाकी सांगू नये, जुने दुकानदार करत तसं करावं. आठ रुपयांचा माल, गिऱ्हाइकाने दहाची नोट दिली. दुकानदार वस्तू हातात देतो, "हे आठ", मग एक नाणं ठेवतो, "नऊ", दुसरं ठेवतो, "दहा". वजाबाकी कुठेच झाली नाही, नुसतं पुढे मोजलं. पट्टीवर तर हे आणखी सोपं दिसतं. आठपर्यंत तुकडे आहेत, दहापर्यंतची दोन घरं रिकामी, ती भरायला जितके रुपये लागतील तितके परत. दहाच्या नोटेपुढे इथे जाऊ नये. पन्नास, शंभर, पाचशेच्या नोटा पहिलीत नुसत्या ओळखायच्या, त्यांची मोड करायची नाही. दोन हजारच्या नोटेचं चित्र जुन्या तक्त्यावर असेल तर काढून टाकावं, मे २०२३ मध्ये ती चलनातून मागे घेतली गेली आहे.

हल्ली या खेळात एक नवं पात्र आलं आहे. गिऱ्हाईक झालेलं मूल रिकाम्या खोक्याचा फोन करतं, पुठ्ठ्यावरच्या चौकटीसमोर धरतं आणि दुसरं मूल दुकानातल्या भोंग्याच्या आवाजात ओरडतं, "आठ रुपये प्राप्त झाले!" त्यांनी घरी जे पाहिलं ते खेळात येणारच, आणि ते अडवूही नये. फक्त त्या दिवशी वस्तूंची बेरीज फोनवाल्यानेच करायची, पावतीही त्यानेच लिहायची. नाण्यांची ओळख मात्र त्यातून होत नाही. पूर्वी दुकानात धाडलेलं मूल वाटेत मुठीतली नाणी चारदा मोजायचं, तो सराव आता घरी क्वचितच होतो, त्यामुळे शाळेतल्या गल्ल्यावर जास्त भार पडतो.

घरी करायचं असेल तर वेगळं दुकान मांडायची गरज नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मुलाला सोबत न्यावं, एकच वस्तू त्याच्याकडून घेववावी, आणि नेमक्या पैशांऐवजी मिसळलेली सात-आठ नाणी हातावर ठेवावीत. त्यातली कुठली द्यायची ते त्याने ठरवावं. मागे गर्दी असेल त्या वेळी जाऊ नये, कारण घाई झाली की आपणच नाणी उचलून देतो. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला वाणी निवांत असतो, आणि बहुतेक वाणी अशा गिऱ्हाइकाकडून पैसे मोजून घेण्यात त्याच्याहून जास्त रमतात.